एकटीच्या वाळवण-व्यवसायाचे एप्रिलचे कॅलेंडर: आधी खेपा, मग कॅप्शन

प्रश्न: मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. घरी एकटीच कुरडया, सरगुंडे आणि ज्वारीचे पापड करून विकते. व्हॉट्सॲप स्टेटसवर आणि इन्स्टाग्रामवर टाकते, पण रोज काय लिहावं ते सुचत नाही. एखादी पोस्ट चालली तर नेमका तेव्हा माल संपलेला असतो. एका खेपेला वाळलेली कुरडई चार किलोच्या वर माझ्याच्यानं होत नाही. एप्रिल २०२६ चं सगळं लिहिणं आधीच ठरवून ठेवायचं असेल तर कसं ठरवू?

उत्तर:

ताई, तुमच्या प्रश्नातच दोन अडचणी आहेत आणि त्या दोन्ही एकाच कारणाने निर्माण झाल्या आहेत. लिहिण्याचे वेळापत्रक आणि गहू भिजवण्याचे वेळापत्रक एकमेकांना ओळखत नाही, म्हणून काय लिहावे ते सुचत नाही आणि लिहिलेले चालले की माल हाती नसतो. बाजारात आणि इंटरनेटवर तयार मिळणाऱ्या बहुतेक कॅलेंडरांत तीस रकाने असतात व प्रत्येक रकान्यात एखादा ‘दिन’ किंवा सण लिहिलेला असतो. ज्याच्याकडे बारा महिने गोदामात माल पडून असतो त्याला ते कॅलेंडर चालते. तुमच्याकडे आठवड्याला चार किलो कुरडई तयार होते, त्यामुळे तुमच्या कॅलेंडरची पहिली ओळ ‘गहू कोणत्या दिवशी भिजवायचा’ ही असली पाहिजे. मी या उत्तरात फक्त कुरडई घेतो. सरगुंडे आणि पापड यांना हीच रीत लागू पडते, फक्त त्यांचे दिवस कमी लागतात.

कुरडईचा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, तरी तो कागदावर मांडून पाहा. गहू तीन दिवस भिजतो आणि पाणी रोज बदलावे लागते. चौथ्या दिवशी तो वाटून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. पाचव्या दिवशी पहाटे चीक शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया घालायच्या, आणि मग दोन ते तीन दिवस कडक ऊन. म्हणजे रविवारी सकाळी गहू भिजवला तर बुधवारी वाटण, गुरुवारी पहाटे कुरडया, गुरुवार ते शनिवार वाळवण, रविवारी पाकिटे आणि सोमवारी पोस्टात किंवा कुरिअरकडे रवाना. एक खेप एका आठवड्याची झाली. एप्रिल २०२६ मध्ये विकता येईल असा माल ज्या रविवारी तयार होईल ते रविवार ५, १२, १९ आणि २६ हे आहेत. त्यासाठी गहू भिजवायचे रविवार २९ मार्च, ५, १२ आणि १९ एप्रिल. पुढच्या खेपेचा गहू भिजतो त्याच दिवशी मागच्या खेपेची पाकिटे भरायची असतात, त्यामुळे रविवार तुमचा सर्वांत धावपळीचा दिवस ठरेल हेही लक्षात घ्यावे. एप्रिलचे कॅलेंडर १ तारखेला सुरू होत नाही, ते २९ मार्चला सुरू होते, ही पहिली गोष्ट येथेच दिसून येते.

आता चार किलोची अर्ध्या किलोची आठ पाकिटे होतात. त्यातले एक पाकीट दर खेपेला बाजूला ठेवावे, कारण कुरडई वाटेत तुटते, एखाद्या गिऱ्हाइकाला बदलून द्यावी लागते आणि घरात आलेल्या पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. विकायला उरली सात पाकिटे. चार खेपांची अठ्ठावीस. पूर्ण महिन्याच्या लिहिण्यातून तुम्हाला अठ्ठावीस पाकिटे विकायची आहेत, एवढेच. हा आकडा डोळ्यांसमोर आला की रोज काहीतरी टाकलेच पाहिजे हे ओझे आपोआप उतरते. सात पाकिटांसाठी आठवड्याला इन्स्टाग्रामवर तीन कॅप्शन आणि स्टेटसवर एखाददुसरी छोटी ओळ पुरते. त्याहून अधिक लिहिल्यास मागणी वाढेल, पण माल वाढणार नाही, आणि ‘नाही’ म्हणण्यात तुमचा वेळ जाईल.

त्या तीन कॅप्शनांचे दिवस खेपेवरूनच ठरतात. पहिले रविवारी संध्याकाळी, गहू भिजवल्यावर. त्यात नोंदणी सुरू झाल्याचे सांगायचे. दुसरे गुरुवारी दुपारी, कुरडया उन्हात असताना. त्यात काम दाखवायचे आणि किती पाकिटे उरली ते सांगायचे. तिसरे सोमवारी, पाकिटे रवाना झाल्यावर. गुरुवारी सकाळी काहीही लिहायचे ठरवू नका. चीक शिजवताना हात थांबवता येत नाही, थांबला की गुठळ्या होतात, आणि सोऱ्या फिरवताना दोन्ही हात चिकाने माखलेले असतात. त्या वेळचे छायाचित्र हवे असेल तर ते घरातल्या किंवा शेजारच्या कोणाला तरी काढायला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. कॅलेंडरमध्ये कॅप्शनच्या रकान्याशेजारी ‘छायाचित्र कोण काढणार’ असा एक रकाना ठेवा. पुष्कळ चांगली कॅप्शने केवळ छायाचित्र नसल्यामुळे वहीतच राहिलेली मी पाहिली आहेत.

पहिल्या कॅप्शनबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण विक्री प्रत्यक्षात तेथेच होते. सर्वसाधारणपणे असे लिहिलेले दिसते:

> शुद्ध, सात्त्विक, घरगुती चवीच्या कुरडया! एकदा खाल तर पुन्हा मागाल! आजच ऑर्डर करा!

या तीन वाक्यांत गिऱ्हाइकाला उपयोगी पडेल अशी एकही गोष्ट नाही. पाकीट केवढे, किंमत किती, हाती कधी येणार, पैसे आधी की नंतर, हे सगळे तो तुम्हाला विचारणार आणि तुम्ही गहू वाटता वाटता एकेकाला उत्तर देत बसणार. शिवाय ‘आजच’ हा शब्द इन्स्टाग्रामवर महिनाभर तसाच राहतो. मेमध्ये वाचणाऱ्यालाही तो आजच वाटतो. त्याऐवजी असे लिहून पाहा:

> गहू आज, रविवार ५ एप्रिलला भिजवला. कुरडई १२ तारखेला वाळून तयार होईल, १३ तारखेला रवाना होईल.
> अर्ध्या किलोची सात पाकिटे आहेत. एका पाकिटाचे २४० रुपये, पोस्टखर्च वेगळा.
> पाकीट हवे असल्यास नाव, गाव आणि पिनकोड व्हॉट्सॲपवर पाठवा. पैसे जमा झाल्यावर नाव वहीत लिहिते.
> सात नावे पूर्ण झाली की ही नोंदणी बंद. पुढची खेप १९ तारखेची.

किंमत मी उदाहरणादाखल लिहिली आहे, तुमची जी असेल ती घाला. या कॅप्शनमधल्या पहिल्या ओळीवर नजर ठेवा. इन्स्टाग्राम लांब कॅप्शनचा सुरुवातीचा भागच दाखवतो, उरलेले वाचायला दाबावे लागते. त्यामुळे तारीख आणि खेप पहिल्या दोन ओळींत आलीच पाहिजे. कौतुकाचे शब्द लिहायचेच असतील तर ते शेवटी यावेत. ‘चांगली’ हे विशेषण येथे कोठेही नाही, तरी गहू भिजवल्याची तारीख वाचून माल ताजा आहे हे वाचणाऱ्याला कळते.

‘पोस्टखर्च वेगळा’ एवढेच लिहून थांबणे मात्र पुरेसे नाही. कुरडई वजनाला हलकी आणि आकाराला मोठी असते, आणि खाजगी कुरिअरवाले वजनाबरोबर खोक्याच्या आकारमानावरही दर लावतात. एक रिकामे खोके घ्या, त्यात दोन पाकिटे आणि कागदाचे बोळे भरा आणि महिना सुरू होण्याआधी आर्वीला पोस्टात व एका कुरिअरकडे पुणे, नागपूर आणि मुंबई येथला दर विचारून या. तो दर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आणि व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये ‘क्विक रिप्लाय’ म्हणून साठवला, तर दिवसभर तेच तेच टाइप करावे लागणार नाही. एका पाकिटापेक्षा दोन पाकिटांचा खर्च दुप्पट होत नाही असे दिसल्यास तेही कॅप्शनमध्ये लिहावे. त्यामुळे पुण्याचे गिऱ्हाईक एकाऐवजी दोन पाकिटे मागते आणि तुमची सात पाकिटे चार जणांत संपतात, बांधाबांधही कमी होते.

आता एप्रिलचा गाभा, म्हणजे अक्षय तृतीया. २०२६ मध्ये ती १९ एप्रिलला, रविवारी आहे. आपल्याकडे त्या दिवशी पितरांचे पान वाढले जाते; पुरणपोळी, चिंचवणी, आंब्याचा रस आणि त्याच्याबरोबर कुरडई-पापड असतात. म्हणजे कुरडईची मागणी आधीच ठरलेली आहे, तुम्हाला ती निर्माण करायची नाही. तरीही घरगुती व्यवसायांची बहुतेक कॅप्शने १८ किंवा १९ तारखेला शुभेच्छांसह येतात. तोवर प्रत्येक घरात कुरडई आलेली असते. सणाच्या दिवशी टाकलेले कॅप्शन शुभेच्छा देते, विक्री करत नाही.

उलटा हिशेब करून पाहू. १९ तारखेला पुण्यातल्या घरात कुरडई तळायची असेल तर ती १७ तारखेपर्यंत पोचलेली बरी. खेड्यातून निघालेल्या पार्सलला चार-पाच दिवस धरले तर ते १३ तारखेच्या सोमवारी निघालेच पाहिजे. मंगळवारी १४ एप्रिल, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती, पोस्ट बंद. म्हणजे १३ तारीख चुकली तर पार्सल १५ ला निघणार आणि सण गाठेलच याची खात्री देता येणार नाही. १३ तारखेला निघणारा माल म्हणजे १२ तारखेला तयार होणारी खेप, जिचा गहू ५ तारखेला भिजला. त्याआधीची खेप ५ तारखेला तयार, ६ ला रवाना. अक्षय तृतीयेसाठी तुमच्याकडे या दोनच खेपा आहेत, मिळून चौदा पाकिटे. १९ तारखेला तयार होणारी तिसरी खेप सणासाठी निरुपयोगी आहे, मात्र कॅलेंडर न मांडता ‘सणाच्या आठवड्यात भरपूर करू’ असे ठरवणारी बाई नेमकी तीच खेप मोठी करते.

या दोन खेपांत कोणाला कोणती द्यायची यालाही क्रम आहे. पहिली खेप पुणे, मुंबई अशा दूरच्या गिऱ्हाइकांना आणि दुसरी आर्वी, वर्धा, अमरावती, नागपूर येथल्या जवळच्यांना. कारण उघड आहे. ७ ते ११ एप्रिलच्या दरम्यान आभाळ आले आणि दुसरी खेप दोन दिवस लांबली, तरी जवळच्या गिऱ्हाइकाला ती ओळखीच्या माणसाच्या हाती किंवा स्वतः नेऊन १७-१८ तारखेलाही देता येते. पुण्याच्या गिऱ्हाइकाला ती सवलत नाही. म्हणून २९ मार्चच्या कॅप्शनमध्ये ‘विदर्भाबाहेरच्यांनी या खेपेत नोंदवावे, पुढची खेप जवळच्यांसाठी’ असे स्पष्ट लिहावे. यात कोणाला वाईट वाटत नाही. उलट पुण्यात राहणारा आपला वऱ्हाडी माणूस ते वाचून लगेच नाव पाठवतो, कारण त्याला आपली वेळ कळते.

या हिशेबाने अक्षय तृतीयेची कॅप्शने २९ मार्च, २ एप्रिल, ५ एप्रिल आणि ९ एप्रिल या चार दिवशी येतात आणि ९ तारखेनंतर सणाचा उल्लेख बंद होतो. ६ आणि १३ तारखेला रवानगीची कॅप्शने. १४ तारखेचा रकाना रिकामा ठेवावा. जयंतीला अभिवादन करायचे असेल तर मनापासून करावे, पण त्याखाली कुरडईचा भाव लिहू नये. ३० एप्रिलला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती आहे, तिलाही हेच लागू. आपल्या भागात या दिवसांचा मान वेगळा आहे आणि त्यांना माल टांगलेला वाचकाला आवडत नाही.

रवानगीचे कॅप्शन बहुतेक जण गाळतात, कारण त्यातून काही विकले जात नाही असे त्यांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. बांधलेली खोकी ओळीने ठेवून काढलेले छायाचित्र आणि खाली ‘सात पाकिटे आज पुणे, ठाणे आणि नाशिककडे निघाली, ज्यांनी विचारले आणि मिळाले नाही त्यांच्यासाठी पुढची नोंदणी रविवारी संध्याकाळी’ एवढी ओळ असली की रविवारच्या कॅप्शनची वाट पाहणारे लोक तयार होतात. फक्त खोक्यांवरची नावे, पत्ते आणि फोन नंबर छायाचित्रात दिसणार नाहीत याची काळजी घ्या. खोकी उलटी ठेवून छायाचित्र काढले की झाले.

१९ आणि २६ तारखेच्या खेपा कोणासाठी, हा पुढचा प्रश्न. येथे पंचांग उघडावे लागते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ महिना १७ मे ते १५ जून असा आहे आणि अधिक मासात आपल्याकडे लग्ने करत नाहीत. त्यामुळे यंदाची उन्हाळी लग्ने बहुतांशी मेच्या पहिल्या पंधरवड्याच्या आत आटोपतील. रुखवतात मांडायच्या रंगीत कुरडया, सरगुंडे, लहान आकाराचे पापड यांची मागणी त्याच हिशेबाने एप्रिलच्या मध्यापासून येणार. रुखवत मागणारे घर अर्ध्या किलोत समाधानी नसते, त्याला रंग, आकार आणि संख्या सांगायची असते, आणि ते ठरवायला त्यांच्याही घरात चार माणसांचे एकमत व्हावे लागते. म्हणून रुखवताचे पहिले कॅप्शन १२ तारखेलाच यावे आणि त्यात एकच प्रश्न असावा:

> रुखवतासाठी रंगीत कुरडई करून देते. लग्नाची तारीख कळवा, त्यावरून गहू कधी भिजवायचा ते ठरवते.
> १५ मेच्या आतल्या लग्नांसाठी १९ आणि २६ एप्रिलला तयार होणाऱ्या दोन खेपा राखून ठेवल्या आहेत.

येथे किंमत लिहिलेली नाही, ते मुद्दाम. रुखवताचा भाव रंगाच्या आणि आकाराच्या कामावरून ठरतो आणि तो एका ओळीत मावत नाही. रोजच्या पाकिटांच्या कॅप्शनमध्ये मात्र भाव लपवू नये. ‘भाव मेसेजमध्ये’ असे लिहिणारे आपलाच वेळ दवडतात. रुखवताच्या दोन मागण्या आल्या तर त्या दोन खेपा संपल्या असे समजा आणि १९ तारखेचे साधे नोंदणी-कॅप्शन वहीतून खोडून टाका. १९ तारखेपर्यंत एकही मागणी आली नाही तर त्या खेपेचे नोंदणी-कॅप्शन नेहमीसारखे, ‘वर्षाच्या बेगमीसाठी’ म्हणून टाकावे. कॅलेंडरमध्ये त्या रकान्यात दोन्ही मजकूर आधीच लिहून ठेवलेले असावेत.

हवामान ही तुमच्या कॅलेंडरमधली सर्वांत कच्ची बाजू आहे. एप्रिलमध्ये विदर्भात अवकाळी पाऊस आणि गारपीट नवीन नाही. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्हावार अंदाज आणि पिवळा, नारिंगी इशारा देते. शनिवारी संध्याकाळी तो पाहूनच रविवारी गहू भिजवावा. गहू भिजल्यावर मागे फिरता येत नाही. चीक निघाल्यावर आभाळ आले तर कुरडई आतून ओली राहते, तिला आंबूस वास येतो आणि तळल्यावर ती फुलत नाही. असा माल वेळ पाळण्यासाठी पाकिटात भरण्यापेक्षा खेप लांबली असे लिहिणे केव्हाही परवडते. त्यासाठी तीन मजकूर महिन्याच्या सुरुवातीलाच लिहून वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा: आभाळामुळे खेप लांबल्याचा, नोंदणी पूर्ण झाल्याचा आणि पार्सल उशिरा पोचत असल्याचा. ताणाच्या वेळी लिहिलेले वाक्य एकतर फार लांबते किंवा चिडके होते. आभाळाचा मजकूर असा असू शकतो:

> काल दुपारपासून आभाळ आहे, कुरडई अजून आतून ओली आहे. खडखडीत वाळल्याशिवाय भरत नाही. या खेपेची पाकिटे सोमवारऐवजी बुधवारी निघतील. ज्यांना चालणार नाही त्यांनी कळवावे, पैसे परत पाठवते.

याच कारणासाठी नोंदणीची आणि रवानगीची कॅप्शने आपोआप प्रसिद्ध होण्याच्या सोयीवर टाकू नयेत. इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यावर पोस्ट आधी लावून ठेवता येते आणि ती सोय चांगली आहे, पण बाहेर गारा पडत असताना ‘आज कुरडया उन्हात टाकल्या’ असे तुमच्या नावावर प्रसिद्ध झाले तर तुमच्या तारखांवरचा विश्वास जातो. तळण्याची रीत, साठवण्याची रीत अशी हवामानाशी संबंध नसलेली दोन-तीन कॅप्शने मात्र खुशाल लावून ठेवा. बाकीची मोबाईलच्या नोट्समध्ये तयार असू द्यावीत, तारखेच्या जागा रिकाम्या ठेवून. नेटवर्क गेले किंवा लोडशेडिंग असले तरी मजकूर हाताशी असतो, रेंज आली की चिकटवायचा.

तळण्याच्या कॅप्शनबद्दल एवढेच सांगतो की ते ११ आणि १८ तारखेला, म्हणजे पाकिटे लोकांच्या घरी पोचण्याच्या सुमारास यावे. तेल पुरेसे तापलेले नसेल तर कुरडई तेल पिते आणि फुलत नाही, मग गिऱ्हाईक मालाला दोष देते. एका तुकड्याने तेल पाहून घ्यावे, तो लगेच वर येऊन फुलला की मग कुरडई सोडावी, हे त्याला आधी कळले तर तक्रारीचा मेसेज येत नाही.

स्टेटस आणि इन्स्टाग्राम यांचे काम वेगळे ठेवावे. स्टेटस चोवीस तासांत जाते आणि ज्यांच्याकडे तुमचा नंबर साठवलेला आहे व ज्यांचा तुमच्याकडे आहे त्यांनाच दिसते. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नावे बसतात, पण निरोप तुमचा नंबर साठवलेल्यांनाच पोचतो. म्हणून ‘तीन पाकिटे उरली’ ही ओळ स्टेटसला योग्य आणि इन्स्टाग्रामला अयोग्य. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला पार्सलबरोबर एक चिठ्ठी घाला, ‘हा नंबर साठवून ठेवा, पुढच्या खेपेची तारीख स्टेटसवर कळेल’. पुढच्या महिन्यातली अर्धी नोंदणी याच चिठ्ठीतून येईल, असे मला वाटते.

शब्दांच्या बाबतीत एक पथ्य कायद्याचे आहे. ‘साखर कमी होते’, ‘पोटाचे विकार जातात’ असे ज्वारीच्या पापडाखाली सर्रास लिहिलेले दिसते. अन्नपदार्थाने आजार बरा होतो असा दावा २०१८ च्या अन्नसुरक्षा जाहिरात व दावे नियमांत बसत नाही, मग तो पाकिटावर असो की कॅप्शनमध्ये. तसेच सांडग्या मिरच्या विकायला काढल्या तर ‘भिवापुरी मिरची’ किंवा हळदीला ‘वायगावची हळद’ हे शब्द माल खरोखर तेथला असेल तरच वापरावेत, कारण दोन्ही नावांना भौगोलिक मानांकन आहे.

महिना चालू असताना काय तपासायचे ते थोडक्यात सांगतो. लाइक मोजू नका. वहीत प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कॅप्शनवरून आले ते विचारून लिहा. त्याशिवाय लोक काय विचारतात ते टिपून ठेवा. भाव कॅप्शनमध्ये असूनही ‘भाव काय’ असे मेसेज येत असतील तर भाव कॅप्शनच्या फार खालच्या ओळीत गेला आहे, तो वरच्या ओळीत घ्यावा. ‘कधी मिळेल’ असे येत असतील तर तारीख अस्पष्ट आहे. रविवारी संध्याकाळी नोंदणी उघडली आणि त्याच रात्री सातही नावे आली, तर गुरुवारच्या कॅप्शनमधून ‘किती उरली’ हा भाग काढून पुढच्या खेपेची तारीख घालावी. गहू वाढवून भिजवण्याचा मोह टाळावा, कारण चार किलोच्या वर तुमच्याच्याने होत नाही हे तुम्हीच लिहिले आहे. उलट बुधवारी वाटण काढेपर्यंत तीनच नावे आली असतील तर दोन कॅप्शने जास्त टाकू नका. जुन्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांनी या वर्षी मागितले नाही अशा पाच-सहा जणांना स्वतंत्र निरोप पाठवा. लागोपाठ दोन खेपांत असे झाले तर तिसऱ्या खेपेचा गहू निम्माच भिजवावा आणि त्या आठवड्यात सरगुंडे करून पाहावेत. काडीवर वळायला वेळ लागतो, पण चिकासारखे पाच दिवस आधी बांधून घेत नाहीत.

मेचे पान २६ एप्रिललाच उघडावे लागेल, कारण त्या रविवारी भिजवलेला गहू ३ मेची खेप होईल. त्या पानावर आधी शेवटची तारीख लिहा. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात आभाळाचा भरवसा नसतो, म्हणून या हंगामातला शेवटचा गहू २४ मेच्या रविवारी भिजवावा आणि ती खेप ३१ तारखेला भरून मोकळे व्हावे. ‘या वर्षीची शेवटची खेप’ हे कॅप्शन मग १७ मेपासून लिहिता येईल.